बर्फातली सुरमई

जूनमधला दुसरा सोमवार. पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं, पडवीला नुकतीच बांधलेली झापं वाऱ्याने फडफडत होती आणि मी चहाचा कप हातात घेऊन मोबाइल बघत होतो. आमच्या घरगुती मुक्कामाच्या गुगलवरच्या जागेवर कुणीतरी नवा अभिप्राय टाकला होता. एक स्टार. खाली पाच ओळी. ‘पैसे वाया गेले. सुरमई शिळी होती आणि थाळीचे साडेपाचशे घेतले. रात्री लाईट गेली, एसी बंद, पोरांना झोप नाही. मालकांशी बोलायला गेलो तर उडवून लावलं. कुणी जाऊ नका.’ मी ते दोनदा वाचलं. आतून हिने विचारलं, “काय हो, कुणाचं काय आलं?” मी मोठ्याने वाचून दाखवलं, फक्त ‘शिळी’च्या जागी ‘बर्फातली’ असं वाचलं. ती म्हणाली, “होतीच की बर्फातली. मग?” आणि भाकरी थापायला लागली.

दुपारी तिने स्वतः वाचलं. मला काही बोलली नाही, पण तवा घासताना जो आवाज येत होता तो नेहमीचा नव्हता.

हर्णैपासून वीस मिनिटांवर आमचं घर आहे. मी बँकेत होतो, बदल्यांच्या गावी फिरत होतो, आणि ती इथे सासूबाईंना सांभाळत घर चालवत होती. कुणाकुणाच्या ओळखीने कधी जेवायला माणसं यायची, मग राहायला यायला लागली, मग मागच्या बाजूला दोन आणि माडीवर एक अशा तीन खोल्या झाल्या. या साऱ्याला बावीस वर्षं झाली. मी निवृत्त होऊन आलो त्याला सहा. म्हणजे गुगलच्या नकाशावर ‘मालक’ म्हणून मी असतो खरा, पण हिशेबाच्या वह्या, इंटरनेटवरची जागा आणि पाहुण्यांना समुद्राची वाट दाखवणं एवढंच माझ्याकडे आहे. ज्या कामाला त्या माणसाने नावं ठेवली ते काम माझं नव्हतंच. कदाचित म्हणूनच मला जास्त लागलं. आपल्याला कुणी बोललं तर आपण गिळतो. आपल्या माणसाच्या हाताला कुणी शिळं म्हटलं की गिळता येत नाही.

बँकेची सवय जात नाही, तेव्हा आधी आकडे मांडले. आमच्याकडे तोवर अडतीस अभिप्राय होते, बेरीज 182, सरासरी 4.8. या एकाने बेरीज 183 झाली, भागिले एकोणचाळीस, म्हणजे 4.69, आणि पडद्यावर 4.7. पुन्हा 4.8 नीट दिसायला किती पाच-पाच स्टार लागतील ते कॅलेंडरच्या मागे मांडून पाहिलं. दहा. पावसाळ्यात आमच्याकडे महिन्याला सहा-सात कुटुंबं येतात, त्यातलं एखादं लिहितं. म्हणजे हे एक वाक्य पुसायला दिवाळीसुद्धा पुरणार नव्हती. तेवढ्यात शेजारच्यांच्या मुलाने सांगितलं, “काका, रिपोर्ट मारा, उडवतात ते.” रिपोर्टच्या यादीत कारणं होती : जाहिरात, शिवीगाळ, द्वेष, खोटा अनुभव, हितसंबंध, कुणाची खाजगी माहिती, विषयाशी संबंध नसणं. मी एकेका कारणावर बोट ठेवून पाहिलं. तो माणूस आला होता, राहिला होता, जेवला होता, त्याने शिवी दिली नव्हती. आम्हाला पटलं नाही, असं कारण त्या यादीत नाही. आणि असावं तरी कसं? जेवणाचा वाद गुगलवाले कुठून सोडवणार. मी ते तसंच बंद केलं.

मग रात्री बसलो आणि उत्तर लिहिलं. एक शहाणपणा मात्र आपोआप झाला. उत्तराच्या चौकटीत न लिहिता मोबाइलच्या टिपणवहीत लिहिलं, कारण आयुष्यभर मसुदा वेगळा आणि पत्र वेगळं. चौकटीत लिहिलं असतं तर खालच्या बटणावर अंगठा गेलाच असता. आणि उत्तर एकदा पडलं की ज्याचा अभिप्राय त्याला सूचना जाते; नंतर आपण ते बदललं किंवा काढलं, तरी त्याने वाचायचं ते वाचलेलं असतं, आणि फोटो काढून ठेवायला किती वेळ लागतो!

लिहिलं ते असं होतं. ‘पाच जण सांगून सात जण आलात. वरच्या दोघांच्या गाद्यांचे पैसे आम्ही घेतले नाहीत, ते लिहायला विसरलात वाटतं. रात्री बारापर्यंत गच्चीवर तुमचा काय कार्यक्रम चालला होता ते अख्ख्या वाडीने ऐकलं आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी ताजी सुरमई मागणाऱ्या माणसाने समुद्र कधी झोपतो ते एकदा शिकून यावं. माझी बायको बावीस वर्षं या चुलीशी उभी आहे. तिच्या हातचं खाऊन ताट चाटणारी माणसं आम्ही पाहिली आहेत, आणि तिला शिळं म्हणणारे तुम्ही पहिले. लाईट सरकारची जाते, माझ्या खिशातून जात नाही. साडेपाचशेत पुण्याला काय मिळतं ते आम्हाला ठाऊक आहे. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आली नाहीत तर आमचं घर चालतं.’

खोटं सांगत नाही, फार बरं वाटलं. खाज सुटलेल्या जागी नख लागावं तसं. दोन-तीन शब्द आणखी धारदार केले, ‘गिऱ्हाइकं’ शब्दावर खूश झालो, आणि पुण्याला लेकीला पाठवलं. खरं सांगायचं तर सल्ला नको होता, शाबासकी हवी होती. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. अर्ध्या तासाने फोन आला.

“बाबा, टाकलंत का?”

“अजून नाही.”

“मग टाकू नका. आणि मी काय करते ते सांगू? कुठे जायचं ठरलं की मी चांगले अभिप्राय वाचतच नाही, सगळे सारखेच असतात. एक स्टारवाले काढते. आणि त्याच्याखाली मालकाने काय लिहिलंय ते वाचते. तो गिऱ्हाईक कोण ते मी दोन मिनिटांत विसरते. मालक लक्षात राहतो.”

मी म्हटलं, मग मालक खमक्या आहे हे कळेल की. ती म्हणाली, “खमक्या नाही कळत, बाबा. मला फक्त एवढं कळतं की उद्या मी मैत्रिणींबरोबर गच्चीवर बसले तर हा माणूस तेही लिहील.”

मी हे कुठेच धरलं नव्हतं. माझ्या लेखी त्या पत्राला एकच वाचक होता, तो रविवारी गाडीत बसून निघून गेलेला चाळिशीचा गृहस्थ, आणि त्याला मी हरवत होतो. पण तो तर परत येणारच नव्हता. वाचणार होती ती एखादी बाई, रात्री दहाला भांडी आवरून, दिवाळीत कोकणात जायचं म्हणून तीन जागांमध्ये निवड करत बसलेली. तिला त्या माणसाशी देणंघेणं नाही. ती माझ्या शब्दांतून आमच्या घराचं दार कसं उघडतं ते पाहणार. आणि मी तिला काय दाखवत होतो? की इथे पाहुण्यांच्या गाद्या मोजतात, गच्चीवरचं बोलणं ऐकतात, आणि पुढे-मागे वेळ आली तर जगापुढे मांडतात. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, पण मुक्कामाला आलेल्या माणसाचं घरातलं वागणं चारचौघांत सांगायचा हक्क मला कुणी दिला? सात जण आले हे खरं तर त्याच रात्री, दारातच बोलायला हवं होतं. तेव्हा संकोचाने बोललो नाही, आणि आता तेच मी हत्यार म्हणून काढत होतो. पहिली तीन वाक्यं मनातल्या मनात खोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन मसुदा केला, आणि मला वाटलं जमलं. ‘आपला अभिप्राय प्राप्त झाला. आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ हिला वाचून दाखवलं. ती नारळ खवत होती. विळी न थांबवता म्हणाली, “हे कुणी लिहिलंय? लाईटबिलाच्या मागे असतं तसं वाटतंय.”

तीस वर्षं मी अशी पत्रं लिहिली. शाखेत तक्रार आली की ती माझ्या टेबलावर यायची, आणि माझी पत्रं वरच्या ऑफिसात नमुना म्हणून वाचली जायची, याचा मला अभिमान होता. त्या भाषेची गंमत अशी की तिच्यात कुणीच काही करत नाही. नोंद घेण्यात येते, कार्यवाही करण्यात येते, दिलगिरी व्यक्त होते. घेणारा, करणारा, चुकणारा कुठेच सापडत नाही. एकदा एका खेड्यातल्या शाखेत एक म्हातारा शेतकरी मीच पाठवलेलं पत्र घेऊन माझ्यासमोर आला. घडी घालून घालून पत्राला चार ठिकाणी चिरा पडल्या होत्या. कागद टेबलावर पसरून त्याने विचारलं, “साहेब, ह्यात हो लिवलंय का नाही?” मी वाचलं. मलाच सांगता येईना. शेवटी खातेपुस्तक काढून पाहिलं, चूक आमचीच होती, मी तोंडी सांगितलं, तो समाधानाने गेला. पत्र मात्र तसंच नमुना म्हणून फिरत राहिलं. तो प्रसंग मी कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगत आलो आहे. विळीचा आवाज ऐकत बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा तो विनोद वाटला नाही.

रागाचं पत्र निदान माणसाने लिहिलेलं होतं. हे तर शिक्क्याने लिहिलेलं होतं. आणि त्या दहा वाजता वाचणाऱ्या बाईला हे असंच उत्तर शंभर ठिकाणी दिसलेलं असणार, अभिप्राय कोणताही असो, खाली ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’. ती ते ओलांडून पुढे जाणार.

पण बँकेची एक सवय उपयोगी पडली. मोठी तक्रार आली की आम्ही कागदाला मधोमध रेघ मारायचो. डावीकडे तक्रारदाराचा एकेक मुद्दा त्याच्याच शब्दांत, उजवीकडे त्या मुद्द्याला आपलं उत्तर. कुठलं घर रिकामं राहता कामा नये, कारण वरचे साहेब आधी रिकामं घर शोधायचे. मी वही काढली. डावीकडे चार मुद्दे : सुरमई, थाळीचे पैसे, लाईट आणि एसी, उडवून लावलं. उजवीकडे माझ्या रागाच्या पत्रातली उत्तरं भरायला घेतली. सुरमईला उत्तर होतं. पैशाला होतं. लाईटला होतं. चौथ्या घरात घालायला काही सापडेना. मी ते लांबलचक पत्र वरून खाली तीनदा वाचलं. गाद्या होत्या, गच्ची होती, पुणं होतं, बावीस वर्षं होती. त्याने माझ्याबद्दल जी एकमेव गोष्ट लिहिली होती, तिच्याविषयी माझ्या पत्रात अक्षर नव्हतं.

रिकामं घर बघत बसलो.

त्या रविवारी सकाळी सात-साडेसातची वेळ असेल. रात्री वाऱ्याने फांदी तारेवर पडली होती, अकराला गेलेली वीज साडेतीनला आली. मी अंगणातल्या नळाला नळी लावून टाकी भरत होतो. तो गृहस्थ आला. बनियनवर होता, डोळे लाल, कडेवर धाकटं पोर, त्याच्या गालावर डास चावल्याच्या गांधी. म्हणाला, “काका, रात्रभर त्रास झाला हो. एसी म्हणून खोली घेतली होती आम्ही.” मी नळीकडे बघत म्हटलं, “जूनमध्ये इकडे असंच असतं.” तो थोडा थांबला. मग म्हणाला, “आणि ती रात्रीची सुरमईपण…” मी म्हटलं, “जूनमध्ये सुरमई अशीच असते.” आणि टाकी भरली का ते बघायला वर गेलो. बस्स एवढंच. आवाज चढवला नाही, वाईट शब्द नाही. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. कोणी मला विचारलं असतं की तू त्याला उडवून लावलंस का, तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. पण तो पोर कडेवर घेऊन उभा होता आणि मी त्याला हवामान सांगितलं. रात्रभर मी स्वतःही जागाच होतो, कंटाळलो होतो, हे खरं. त्याला ते कळायचं कारण नव्हतं.

तिथून बाकीचे तीन मुद्देही वेगळे दिसायला लागले. सुरमईचंच घ्या. 1 जून ते 31 जुलै आमच्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, त्यात समुद्र खवळलेला. हर्णैला तेव्हा गेलात तर संध्याकाळच्या लिलावाच्या जागी शाकारलेल्या बोटी आणि कावळे. म्हणजे जूनमध्ये पाहुण्याच्या ताटात सुरमई आली तर ती मे महिन्यातली, बर्फात ठेवलेली. हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच आम्हाला ते सांगायचं सुचत नाही! पुण्याहून आलेला माणूस समुद्रापासून दहा मिनिटांवर बसून सुरमई मागतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आत्ता पकडलेली सुरमई असते. आम्ही हो म्हणतो आणि ताट लावतो. हिला विचारलं की त्याला फरक कळला असेल का. ती म्हणाली, “न कळायला काय झालं? बर्फातली तुकडी तव्यावर पाणी सोडते, मग रवा धरत नाही नीट, आणि आत कोरडी लागते. पण शिळी नव्हती. शिळी असती तर मी मांजरालाही घातली नसती.” म्हणजे त्याची जीभ बरोबर होती, शब्द चुकला होता. आणि त्याला बरोबर शब्द देणं आमचं काम होतं, ताट वाढायच्या आधी.

एसीचंही तेच. वीज जाणं माझ्या हातात नाही, हे वाक्य मी रागाच्या पत्रात किती ऐटीत लिहिलं होतं. पण आमच्याकडे एका बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. त्यावर दिवे आणि पंखे चालतात, दीड टनाचा एसी त्याला झेपत नाही. खोलीच्या माहितीत मी स्वतः ‘एसी’ लिहिलं आहे, एवढंच. पावसाळ्यात वीज जाते हे मला माहीत, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही हे मला माहीत. फक्त पैसे भरणाऱ्याला माहीत नाही. आता ह्यात माफी कशाची मागायची? वीज गेल्याची मागितली तर ती खोटी, कारण ती मी घालवली नाही. न सांगितल्याची मागायची. हा फरक मला वहीत लिहून बघेपर्यंत कळला नव्हता. सरसकट सगळ्याची क्षमा मागणारं पत्र वाचलं की वाचणाऱ्याला वाटतं, सगळंच खरं असेल, मासा सुद्धा कुजका असेल. आणि कशाचीच न मागणारं वाचलं की वाटतं, हा माणूस नळाशी असाच बोलत असेल.

पैशाच्या मुद्द्यावर लेक पुन्हा एकदा मधे पडली. मी लिहिलं होतं की दोन थाळ्यांचे पैसे परत करतो, कृपया अभिप्राय बदलावा. तिने सांगितलं, हे चालत नाही. अभिप्राय काढण्यासाठी किंवा बदलण्यासाठी पैसे, सूट, फुकट मुक्काम असलं काहीही देऊ करणं तिथल्या नियमांतच बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते लाच दिल्यासारखंच दिसतं. शिवाय रक्कम चारचौघांत लिहिली की पुढचा माणूस ती धरून येतो. साडेपाचशेचं समर्थनही काढलं. पुण्यात काय मिळतं याची तुलना कशाला. बर्फातल्या माशाला ताज्याचा भाव का, हा त्याचा खरा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. तेव्हा तो विषय फोनवर ठेवला.

शेवटी बुधवारी, आंघोळ-पूजा झाल्यावर, पाऊस जरा उघडलेला असताना, हे टाकलं :

‘नमस्कार. त्या रात्री तुमची झोप झाली नाही याचं वाईट वाटतं. वीज साडेचार तास नव्हती. आमच्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी चालत नाही. हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, आता सांगतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्याने त्या काळात सुरमई बर्फात साठवलेली असते. ती खराब नव्हती, पण ताजीही नव्हती, आणि ते आम्ही जेवणाआधी सांगितलं नाही. आता कोणता मासा ताजा आणि कोणता बर्फातला ते दारातल्या फळ्यावर रोज लिहितो. सकाळी तुम्ही बोलायला आलात तेव्हा मी नीट ऐकून घेतलं नाही. ती चूक माझी. थाळीच्या पैशांबद्दल बोलायचं असेल तर बुकिंगच्या नंबरवर फोन करा, मीच उचलतो.’

टाकण्याआधी दोन गोष्टी केल्या. फळा आधी लावला आणि मग ‘फळ्यावर रोज लिहितो’ असं लिहिलं. लिहून मग लावू म्हटलं असतं तर तो अजून दुकानात असता. आणि पत्र एकदा मोठ्याने वाचलं, त्या गृहस्थाच्या तोंडावर म्हणतो आहे असं धरून. ‘मीच उचलतो’ हे तेव्हा आलं. ‘प्रिय पाहुणे’ होतं ते तेव्हाच गेलं, कारण तसं मी कुणाला बोलत नाही.

पुढे काय झालं म्हणाल, तर काही नाही. त्याचा फोन आला नाही. अभिप्राय तिथेच आहे, एक स्टारही तिथेच आहे, सरासरी अजून 4.7 आहे. जुलैत एक जोडपं आलं, त्यांनी पायरीवरच फळा वाचला आणि सुरमई न मागता खाडीची कोळंबी मागितली. ही खूश झाली. तिला तसाही पावसात मोठा मासा करायचा कंटाळा; सोड्याचं कालवण, कालवं मिळाली तर कालवं, हे तिचं खरं पावसाळी जेवण, जे पाहुणे मागत नाहीत म्हणून आम्ही कधी वाढलंच नव्हतं. तेवढा एक बदल त्या माणसामुळे झाला. पण मला त्याच्याबद्दल प्रेमबिम वाटायला लागलेलं नाही. सात जण आले होते ते. आणि गच्चीवरच्या बाटल्या मी उचलल्या.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. ऑगस्टमध्ये एका रात्री पुन्हा वीज गेली, खोल्या रिकाम्या होत्या, आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. ही अचानक म्हणाली, “त्या पत्रात माझ्याबद्दल काही नाही लिहिलंत तुम्ही.”

मी म्हटलं, लिहिलंय की, ती खराब नव्हती.

तिने बोटांवर मोजलं. “तीन शब्द. बावीस वर्षांचे तीन शब्द.”

मी तिला समजावायला गेलो. की बावीस वर्षं चांगलं रांधलं म्हणून त्या रात्रीचा मासा ताजा ठरत नाही, की वाचणाऱ्याला आपली वर्षं नको असतात, की बायकोचं नाव पुढे केलं की नवरा भांडायला आला असं दिसतं. सगळं बरोबर होतं आणि नळाशी उभा राहून बोलत असल्यासारखं मला ऐकू येत होतं. मी मधेच थांबलो. म्हटलं, “आधी लिहिलं होतं ते वेगळं होतं.”

“कुठाय?”

टिपणवहीत ते अजून तसंच होतं, पुसलं नव्हतं. मी मोबाइलच्या उजेडात तिला वाचून दाखवलं, अगदी गाद्यांपासून. समुद्र झोपतो तिथे ती हसली. चुलीशी उभी आहे तिथे काही बोलली नाही, पदराने मान पुसली. वाचून झालं, मी मोबाइल बंद करायला लागलो.

“थांबा,” ती म्हणाली. “ते ताट चाटण्याचं परत वाचा.”